लाकूड, बोथट पोलाद आणि फोम: कोणतं हत्यार कोणत्या खेळासाठी

आखाड्यात नवा आलेला जवळजवळ प्रत्येक जण कोपऱ्यातला फोमचा दंडा आधी उचलतो. हातावर दोनदा आपटून बघतो आणि विचारतो, "ताई, ह्यानं कितीही जोरात मारलं तरी चालेल ना?" नाही चालत. इथे वडोदऱ्यात लाठी, लकडी आणि फरी-गदका शिकवताना सर्वांत जास्त दुखापती मी ह्याच समजुतीतून झालेल्या पाहिल्या आहेत. हत्यार मऊ असलं की हात सैल सुटतो, हत्यार कडक असलं की माणूस आपोआप सांभाळून वागतो. म्हणून सुरक्षितता हत्याराच्या मऊपणात शोधू नका. त्या हत्यारानं कोणता खेळ, किती वेगानं आणि अंगावर काय घालून खेळायचा, हे आधी ठरवायला हवं.

ढोबळ हिशोब असा. लाकडानं ठरलेल्या जोड्या करायच्या, म्हणजे कोण कधी कुठे वार करणार हे दोघांना ठाऊक असतं. फोमनं किंवा चामड्याच्या गदक्यानं मोकळा खेळ करायचा. बोथट पोलादानं पात्याला पातं भिडल्यावर काय होतं ते संथपणे शिकायचं. नवख्यानं ह्याच क्रमानं जावं. मी ह्यात सूट देत नाही.

आधी लाकूड

आमच्याकडे सुरुवात वेताच्या लकडीनं होते. जपानी पद्धतीत साधारण १०२ सेंटीमीटर लांबीची लाकडी तलवार असते, तिला बोक्केन म्हणतात. तिथेही ती मुख्यतः ठरलेल्या जोड्यांसाठीच वापरतात; मोकळ्या लढतीसाठी बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेली, वाकणारी शिनाई आणि अंगावर चिलखत असतं. कारण सरळ आहे. लाकूड वाकत नाही. वाराचा सगळा जोर एका अरुंद रेषेवर आणि क्षणार्धात बसतो. त्यातून वेग दुप्पट झाला की वारातली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. लाकडी वारानं बोट मोडायला अगदी थोडा वेग पुरतो.

हे मी स्वतःच्या अंगठ्यावर शिकले आहे. एका शिबिरात आम्ही दोघी संथ जोडी करत होतो. चौथ्या-पाचव्या फेरीला तिनं जरा घाई केली, तिला गाठायला मीही वेग वाढवला. आमच्यापैकी कुणीच "थांब" म्हटलं नाही. अडवताना माझी मूठ चार बोटं पुढे राहिली आणि उजव्या अंगठ्याचं टोक चिरडलं. हातमोजे पिशवीतच होते, कारण "संथच तर करायचंय". जोडीत वेग हळूहळू चढत जातो आणि तो चढलेला आतल्या दोघांना कळत नाही. बाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याला कळतो. म्हणून लाकडाच्या जोडीला तिसरा माणूस ठेवा. एक-दोन-तीन तो मोजेल आणि त्याच्या मोजण्यापुढे कुणी जायचं नाही.

वार कुठे करायचा, ह्यावर थोडं थांबते. बऱ्याच ठिकाणी नवख्यांना एकमेकांच्या काठीवर काठी मारायला शिकवतात. आवाज छान येतो, कुणाला लागत नाही, पण ती सवय पुढे फार महागात पडते. हाताला काठी शोधायची सवय लागते, समोरच्याला अंगावर येणारा वार कसा दिसतो ते कधी कळतच नाही. त्यापेक्षा वार खराच अंगाकडे करा, मात्र अंतर असं ठेवा की समोरच्यानं काही अडवलं नाही तरी टोक त्याच्यापासून वीतभर अलीकडे थांबेल. उभं राहून आधी हात पूर्ण लांब करून मोजा, मग पवित्रा घ्या. महिनाभरानं वीत कमी करून चार बोटांवर आणा. उजव्या हातानं समोरच्याच्या डाव्या गालाकडे जाणारा तो तमाचा, उलट्या बाजूनं येणारा बाहेरा, वरून डोक्यावर येणारा शिर. नावं आखाड्यागणिक थोडी बदलतात, पण पहिले दोन महिने एवढे तीन पुरतात. लाकडाचा शिर मास्क घातलेला असला तरी डोक्याला लावायचा नाही.

काठी निवडताना वेत आणि बांबू ह्यांतला फरक लक्षात ठेवा. वेत तुटायला आला की त्याचे धागे सुटतात, टोक झाडूसारखं होतं आणि आधीच कळतं. बांबू उभा चिरतो आणि त्याची कड सुरीसारखी निघते. लाकडी तलवार असेल तर तिच्या रेषा बघा: मुठीपासून टोकापर्यंत सलग गेल्या पाहिजेत. रेषा मध्येच कडेला बाहेर पडत असतील तर लाकूड त्याच तिरक्या रेषेत मोडतं आणि हातात अणकुचीदार तुकडा उरतो. खेळण्याआधी बोटानं नाही, जुन्या ओढणीनं किंवा मलमलीनं काठी पुसा. जिथे धागा अडकेल तिथे कूस आहे. ती पॉलिश पेपरनं घासा आणि वर्षातून दोन-तीनदा अळशीचं तेल चोळा, विशेषतः आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्याआधी.

मोकळा खेळ: गदका आणि फोम

फोमची हत्यारं परदेशातून आली असली तरी कल्पना आपल्याला नवी नाही. गदका म्हणजे वेतावर चामडं चढवलेला दंडा, फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल. तलवारीचा मोकळा खेळ कुणाला न कापता व्हावा, एवढ्यासाठीच तो आहे. घोडेस्वारांच्या भाल्यालाही असाच भाऊ होता, बोथाटी. तिच्या टोकाला पात्याऐवजी कापडाचा गोळा असायचा आणि तो रंगात बुडवायचा, म्हणजे वार लागल्याचा ठिपका कपड्यावर राहायचा. राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरामुळे ह्या शहराला असले खेळ अनोळखी नाहीत; इथल्या जुन्या मराठी घरांत कुणाच्या ना कुणाच्या आजोबांनी गदका हातात धरलेला असतो.

तयार फोमची तलवार विकत मिळते, पण पहिली स्वतः करून बघा. आत काय आहे हे ठाऊक असलं की ती कधी टाकून द्यायची तेही कळतं.

टोपल्या आणि खुर्च्या विणणाऱ्यांकडून अंगठ्याएवढ्या जाडीचा, म्हणजे १८ ते २० मिलिमीटरचा सरळ वेत आणा आणि ९० सेंटीमीटर कापा. पीव्हीसी पाईप घेऊ नका. उन्हात राहून तो ठिसूळ होतो आणि फोमच्या आतच तडकतो, बाहेरून काही दिसत नाही. वेताची दोन्ही टोकं कानशीनं गोल करा. आता महत्त्वाचं: टोकावर वेतापेक्षा मोठी, साधारण २५ मिलिमीटरची जाड चामड्याची चकती ठेवा आणि कापडी टेपनं घट्ट बांधा. ही चकती नसेल तर दर टोचणीला वेताचं टोक फोम पोखरत जातं आणि एक दिवस बाहेर येतं.

एसी-फ्रिजचं सामान विकणाऱ्या दुकानात तांब्याच्या पाईपवर चढवायची काळी, पोकळ फोमची नळी मिळते. आतला व्यास २२ आणि भिंत १३ मिलिमीटर असलेली मागा. वेताला टाल्कम पावडर लावून नळी वर सरकवा. मुठीसाठी २० सेंटीमीटर वेत उघडा ठेवा आणि टोकाला नळी ५ सेंटीमीटर पुढे राहू द्या. त्या पुढे राहिलेल्या पोकळीत फोमचेच तुकडे ठासून भरा. मुठीकडच्या कडेला रबराचं चिकटवणं लावा, म्हणजे फिरवताना नळी निसटणार नाही. टेप लावायची तर उभ्या पट्ट्यांनी. गोल गोल आवळून गुंडाळली की फोम दाबला जातो आणि तुम्ही मेहनतीनं केलेला दंडा पुन्हा लाकडासारखा होतो. ही चूक जवळजवळ सगळे करतात. शेवटी जाड सुती कापडाचा गवसणीसारखा अभ्रा शिवा आणि त्यावर मुठीपासून टोकापर्यंत एक रंगीत रेघ मारा. ती तुमची धार. दंडा गोल असल्यामुळे धार कुठे आहे ते हात विसरतो, रेघ असली की बाहेरून बघणारा सांगू शकतो, "हा वार चपटा पडला."

झालेला दंडा ३०० ग्रॅमच्या आसपास भरावा. टोक अंगठ्यानं जोरात दाबून बघा. आतली चकती लगेच जाणवली तर भर कमी आहे. मग स्वतःच्या मांडीवर निम्म्या जोरानं मारा. धप असा आवाज यावा, चटका बसू नये. दर आठवड्याला हे पुन्हा करा. फोम चिमटीत दाबून सोडल्यावर खड्डा तसाच राहिला तर फोम मेला, नळी बदला.

आता अंगावर काय घालायचं. डोळ्यांसाठी तलवारबाजीचा जाळीचा मास्क हवाच, फोम असला तरी. घरात क्रिकेटचं हेल्मेट असतं म्हणून मुलं तेच घेऊन येतात. त्याच्या जाळीतली फट चेंडू अडवायला केलेली आहे आणि चेंडू जवळपास ७ सेंटीमीटरचा असतो. आपल्या दंड्याचं टोक दाबलं गेलं की त्या फटीतून सहज आत जातं. मास्क घेताना त्यावर ३५० किंवा १६०० असा न्यूटनमधला आकडा दिसेल. तो मुख्यतः गळ्यावरच्या झालरीचं कापड भोसकलं जायला किती जोर सोसेल ते सांगतो. डोक्याला बसणारा हिसका किती कमी होईल, हे त्यावरून कळत नाही. झालरीच्या आत वेगळी गळपट्टी बांधा, कारण हनुवटी वर केली की झालर उचलली जाते. हातांना क्रिकेटचे बॅटिंगचे ग्लोव्ह्ज फोमपुरते उत्तम.

पहिला डाव कसा लावायचा

मागच्या थंडीत लावलेला एक डाव सांगते. मुलगा उंच, हात लांब. मुलगी त्याच्या खांद्याला लागेल एवढी. दोघांची लाकडाची दोन महिन्यांची तयारी झालेली. नियम मोजके ठेवले: डाव १ मिनिटाचा, वार फक्त तमाचा आणि बाहेरा ह्या दोन दिशांनी, पण गालाकडे नाही; लागायची जागा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत आणि हात. डोकं नाही, टोचणं नाही. ज्याला लागलं त्यानं स्वतः "लागला" म्हणायचं. "थांब" कुणीही म्हणू शकतो, प्रेक्षकसुद्धा, आणि ते ऐकताच दोघांनी टोक खाली करून एक पाऊल मागे जायचं. दोघांना एकदम लागलं तर दोघांना शून्य.

सलामी झाली. पहिल्या पंधरा सेकंदांत चार वेळा दोघांना एकदम लागलं. फोम दुखत नाही, त्यामुळे समोरून येणारा दंडा दोघांनाही खराच वाटत नव्हता. आपला वार पोचला ह्यातच दोघं खूश. फोमचा हा सर्वांत मोठा दोष आहे आणि "दोघांना शून्य" हा नियम त्यावरचा उपाय आहे. चार शून्यांनंतर त्यांची पावलं बदलली. वार करून ती बाजूला निघू लागली.

मग दुसरी गोष्ट घडली. तो मोठा वार घेऊन आला, ती घाबरून वळली, पाठ दाखवली, आणि खांद्यासाठी आलेला दंडा मानेवर बसला. जाळीचा मास्क मागून उघडा असतो. मी डाव तिथेच थांबवला, तिला बसवलं. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, नीट दिसतंय का, हे विचारलं. काही नव्हतं, तरी त्या दिवशी तिला पुन्हा उतरवलं नाही. ह्यातलं एकही लक्षण असेल, किंवा माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर दवाखान्यात न्यायचं, घरी झोपायला पाठवायचं नाही. तिला त्यानंतर आठवडाभर एकच काम दिलं: समोरून संथ वार येईल, तिनं नजर न हटवता तिरकं मागे जायचं. आणि त्याला सांगितलं की पाठ दिसली की हात आपोआप थांबला पाहिजे, ती जबाबदारी मारणाऱ्याची. त्या दिवसापासून मास्कच्या मागे डोकं आणि मान झाकणारी जाड गादी बांधल्याशिवाय मी कुणालाच मोकळ्या डावात सोडत नाही.

वार लागला की नाही ह्यावरून वाद होतात. मी बोथाटीचीच युक्ती वापरते. अभ्र्यावर खडूची पूड चोळायची आणि गडद सदरे घालायचे. ठिपका दिसतो, वाद मिटतो. शिवाय ठिपक्याच्या आकारावरून वार निसटता होता की भरीव, तेही कळतं.

जोर जास्त होतोय हे ओळखायची खूण आवाजात आहे. धप ऐवजी फाट असा आवाज येऊ लागला, किंवा मारणाऱ्याचा दंडा लागल्यावर पुढे निघून जाऊ लागला, तर तो खांद्यातून मारतोय. मनगटातून आलेला वार लागून तिथेच थांबतो.

बोथट पोलाद

सहा महिन्यांआधी पोलाद हातात देत नाही. तरी ते लागतंच, कारण फोम फोमला चिकटतो. पातं पात्यावरून घसरतं, मुठीपर्यंत येतं, दाबल्यावर दाबणाऱ्याचा इरादा मनगटात कळतो, आणि हे दुसऱ्या कशानंही शिकता येत नाही.

विकत घेताना शोभेच्या तलवारीपासून दूर राहा. लग्नात नवरदेवाच्या हातात असते तसल्या तलवारीचं पातं मुठीत बोटभरच गेलेलं असतं आणि तिथे नुसता डाग दिलेला असतो. दोन वार भिडले की पातं उडतं. आपल्या पारंपरिक तलवारीचीही एक खोड जाणून घ्या. पात्याची शेपटी मुठीत लाखेनं किंवा राळेनं बसवलेली असते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तलवार दिवसभर राहिली तर ती लाख मऊ पडते. खेळण्याआधी मूठ एका हातात धरून पात्याच्या मधोमध तळहातानं थोपटा. मुठीत खडखड जाणवली तर ती तलवार त्या दिवशी बाजूला. सरावाचं पातं स्प्रिंगच्या पोलादाचं असावं, वाकवून सोडलं की सरळ होणारं. धार निदान २ मिलिमीटर जाड आणि गोल, टोक रुंद आणि गोल, त्यावर रबराची टोपी.

बोथट म्हणजे निरुपद्रवी नव्हे. १९८२ साली रोमच्या जागतिक तलवारबाजी स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू व्लादिमिर स्मिरनोव्ह ह्यांच्या समोरच्याचं पातं मोडलं आणि मोडकं टोक मास्कच्या जाळीतून आत गेलं. काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर खेळातले मास्क, कपडे आणि पात्याचं पोलाद ह्यांचे निकष कडक झाले. ते हत्यारही बोथटच होतं, मोडल्यावर टोकदार झालं. म्हणून दर वेळी पातं उजेडात तिरकं धरून बघा: आडवी केसासारखी रेघ म्हणजे तडा. एकाच जागी वारंवार वाकणारं पातं तिथेच मोडणार. मग कापसाचा बोळा धारेवरून दोन्ही दिशांनी फिरवा. पातं पात्यावर आदळून बारीक दातरे उठतात, कापूस तिथे अडकतो. कानशीनं ते गोल करा. ह्या दातऱ्यांनी हात कापतो.

पोलादावर मोकळा डाव नवख्यानं पहिल्या वर्षी खेळूच नये. मास्क, मागची गादी, गळपट्टी, जाड जाकीट, कडक बोटांचे हातमोजे, कोपर आणि गुडघ्याच्या वाट्या, पुरुषांना लंगोटाचा कप, स्त्रियांना छातीची ढाल, एवढं सगळं घालूनही फक्त चालण्याच्या वेगानं. एकानं संथ तमाचा द्यायचा, दुसऱ्यानं मुठीजवळच्या जाड भागानं तो घ्यायचा आणि दोन्ही पाती चिकटलेली ठेवून तिथेच थांबायचं. डोळे मिटले तरी चालतील. समोरचा दाबतोय का सैल आहे, ते मनगटाला विचारायचं. तो दाबत असेल तर तुमचं पातं त्याच्या दाबाखालून काढून दुसऱ्या बाजूनं न्यायचं, सैल असेल तर घसरत सरळ पुढे. एका संध्याकाळी एवढंच तीस-चाळीस वेळा केलं तरी खूप झालं.

दांडपट्टा मात्र जोडीत कधीच नाही, बोथट असला तरी. त्याचं पातं लवचीक आहे. अडवलं की अडवलेल्या जागेपासून पुढे वाकून ते हातामागे जातं. तो एकट्यानं, चारही बाजूंना मोकळं मैदान ठेवून करायचा प्रकार आहे.

घरी जाताना पोलाद कोरड्या फडक्यानं पुसा, घामाचे हात लागलेत म्हणून मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या आणि बंद पिशवीत घाला. दांडिया बाजारातून स्कूटरवर उघडी तलवार मिरवत नेऊ नका. बोथट आहे की धारदार, हे रस्त्यावरच्या माणसाला आणि पोलिसाला लांबून दिसत नाही, आणि सणावारी शस्त्रबंदीचा हुकूम लागू असतो. आखाड्यात पोचल्यावरच पिशवी उघडायची, तीही मास्क घातलेल्या जोडीपासून दूर, भिंतीकडे तोंड करून.